आडनावाच्या कॉलमात कौर: फॉर्म आणि पोर्टल बनवणाऱ्यांना खुलं पत्र

फॉर्मचे कॉलम ठरवणाऱ्या समस्त साहेब आणि मॅडमना,

नमस्कार. मी नांदेडचा. गुरुद्वाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर माझं छोटं दुकान आहे, झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म. अॅडमिशन, स्कॉलरशिप, पॅन, पासपोर्टची अपॉइंटमेंट, सगळं भरून देतो. मी स्वतः शीख नाही पण गिऱ्हाईकांत शीख भरपूर, आणि इथले शीख म्हणजे काल पंजाबातून आलेले नाहीत, पिढ्यान्पिढ्या इथलेच, माझ्याशी मराठीत बोलतात, भाव करतात तेही मराठीतच. त्यांचे फॉर्म भरून भरून मला जे कळलंय ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून लिहितोय. पत्र लांब होईल, चहा घेऊन बसा.

गेल्या जूनमधली गोष्ट. एक मुलगी वडिलांसोबत आली, एका कॉलेजच्या पोर्टलवर अॅडमिशनचा फॉर्म भरायचा होता. खरं नाव देत नाही, समजा मुलगी जसप्रीत कौर आणि वडील गुरदीप सिंघ. पहिलं नाव जसप्रीत टाकलं, आडनाव कौर टाकलं, खाली पालकाचं पहिलं नाव गुरदीप, आडनाव सिंघ. नेक्स्ट दाबलं तर लाल पट्टी आली, विद्यार्थ्याचं आणि पालकाचं आडनाव वेगळं आहे, कारण निवडा. खाली ड्रॉपडाउन. दत्तक, घटस्फोट, पुनर्विवाह, इतर. मुलीचे वडील माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत होते. ते काही बोलले नाहीत, मीच गडबडीने ‘इतर’ दाबलं, तर ते म्हणतंय प्रतिज्ञापत्र अपलोड करा. म्हणजे बापाने कोर्टाच्या आवारात जाऊन स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं की ही माझीच मुलगी आहे. का, तर तिच्या नावापुढे कौर आहे आणि याच्या नावापुढे सिंघ.

साहेब, शिखांच्या घरात हे असंच असतं. बापाचं सिंघ, मुलाचं सिंघ, आईचं कौर, मुलीचं कौर, आजीचं कौर. बाप-लेकीचं शेवटचं नाव जुळलं तरच उलट थोडं विचारायला हवं की हे कसं काय झालं. तुमचा चेक बरोबर उलटा लागलाय.

हे कुठून आलं ते थोडक्यात सांगतो कारण कॉलमचा घोळ तिथूनच कळतो. १६९९ च्या बैसाखीला आनंदपूर साहिबला गुरू गोबिंदसिंघांनी खालसा पंथ स्थापन केला. पंज प्यारे म्हणजे जे पहिले पाच जण पुढे आले त्यांची आधीची नावं बघा, दया राम, धरम दास, हिम्मत राय, मोहकम चंद, साहिब चंद. पाच जण पाच ठिकाणचे, पाच जातींचे. आणि हे साहिब चंद कुठले, तर बिदरचे, आमच्या नांदेडहून गाडीने काही तासांवर. अमृत, म्हणजे खालसा पंथाची दीक्षा, घेतल्यावर राम, दास, राय, चंद सगळं गेलं आणि पाचही जण सिंघ झाले. नंतर गुरूंनी त्याच पाच जणांकडून स्वतः अमृत घेतलं आणि गोबिंद राय होते ते गोबिंदसिंघ झाले. म्हणजे मुद्दा हा की मागचा शब्द ऐकून माणसाचं कुळ, जात, धंदा कळायचा तो कळू नये म्हणून हा शब्द आला. आणि आपण आज त्याच शब्दाला आडनावाच्या कॉलमात बसवून त्याच्याकडून कुळाची ओळख मागतोय.

अमृत घेताना आजही सांगतात की आजपासून तुमचे वडील गुरू गोबिंदसिंघ, आई माता साहिब कौर, जन्म केसगढ साहिबचा, राहणार आनंदपूर साहिबचे. (माता साहिबजींचा गुरुद्वाराही नांदेडजवळच आहे, कधी आलात तर जाऊन या.) त्या अर्थाने बघाल तर सिंघ आणि कौर हे आडनावच आहे, पण एका घराचं नाही, सगळ्या पंथाचं. २०११ च्या जनगणनेत देशात शीख २ कोटी ८ लाख होते. आडनाव जुळतंय का बघून घर ओळखायचं ही तुमची आयडिया इथे लावली तर हे सगळे एकाच घरातले निघतील, आणि त्याच वेळी प्रत्येक घरातली बाप-लेक एकमेकांना परकी निघतील. दोन्ही चूक.

बारसं कसं होतं तेही बघा. बाळ झालं की घरचे गुरुद्वाऱ्यात जातात, गुरू ग्रंथ साहिब उघडून हुकम घेतला जातो, म्हणजे जो शबद समोर येईल तो वाचतात, त्या शबदाचं पहिलं अक्षर निघतं, त्या अक्षरावरून नाव ठरतं, आणि मग मुलगा असेल तर सिंघ, मुलगी असेल तर कौर. रहत मर्यादा म्हणजे शिखांची आचारसंहिता, तिच्यात तसं लिहिलेलंच आहे. आता यातली गंमत अशी की पहिलं नाव मुलाचं वेगळं मुलीचं वेगळं असं बहुतेक वेळा नसतंच. गुरप्रीत, मनप्रीत, हरजिंदर, कुलदीप, ही नावं दोघांना चालतात. क्रिकेटची कॅप्टन हरमनप्रीत कौर सगळ्यांना माहितीये, नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत वर्ल्ड कप उचलला तिने. आणि पॅरिस ऑलिंपिकला हॉकीत ब्राँझ आणलं त्या टीमचा कॅप्टन कोण, हरमनप्रीत सिंघ. पहिलं नाव अक्षर न अक्षर तेच. ही बाई आणि हा पुरुष हे फक्त मागच्या शब्दावरून कळतं. म्हणजे तुम्ही ज्याला आडनाव समजून बाजूला काढून ठेवता तो अर्धं नाव आहे. जसप्रीत वेगळं आणि कौर वेगळं असं नसतं ते, ‘जसप्रीत कौर’ हे तिचं नाव आहे.

मराठी माणसाला हे समजायला खरं तर जड नाही. आपल्याकडे विजयसिंह, उदयसिंह, प्रतापसिंह, रणजितसिंह नावाची किती माणसं आहेत. विजयसिंह मोहिते पाटील यांना आजवर कुठल्या क्लार्कने विचारलं असेल का की तुमचं आडनाव सिंह का मोहिते? नाही विचारलं कारण सिंह नावाला चिकटवून लिहिला. नांदेडच्या जुन्या शीख घरांनी हीच युक्ती केली आहे, ते गुरदीपसिंघ असं सलग लिहितात आणि आडनावाच्या जागी पुजारी, रामगडिया, शिलेदार असं काहीतरी असतं. अशा गिऱ्हाइकाचा फॉर्म माझ्याकडे पाच मिनिटांत होतो. अडतो तो ज्याच्याकडे असं घराचं नाव नाही किंवा आहे पण त्याला ते लावायचं नाही. आणि न लावण्याचं कारण वर सांगितलंच, ज्याने जात दिसू नये म्हणून सोडलंय त्याला फॉर्मसाठी परत लावा म्हणायचं हे मला तरी जमत नाही. मला जमत नाही आणि तुमच्या पोर्टलला त्याशिवाय चालत नाही. मग काही जण गावाचं नाव लावतात, पंजाबातही ही पद्धत आहे, प्रकाश सिंघ बादल यांचं बादल हे गावच.

आणि हो, एकाच घरात एकच पद्धत असेल असंही धरू नका. माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंघ यांच्या पत्नी गुरशरण कौर, पण मुली उपिंदर सिंघ, दमन सिंघ, अमृत सिंघ. मुलींनी वडिलांचं सिंघ आडनावासारखं लावलं. मिल्खा सिंघ यांचा मुलगा गोल्फर, त्याचं नाव जीव मिल्खा सिंघ, म्हणजे अगदी आपल्या पद्धतीने बापाचं नाव मधे. कुणी चूक नाही. ज्याचं त्याने ठरवायचं आणि फॉर्मने मुकाट लिहून घ्यायचं.

आता आपली पद्धत म्हटलं म्हणून महाराष्ट्राचंच बोलतो, कारण इथला घोळ स्पेशल आहे. आपल्याला नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन खणांची सवय. त्यात मार्च २०२४ मध्ये शासन निर्णय आला की १ मे २०२४ ला आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव कागदोपत्री आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं. आईचं नाव आलं ही चांगलीच गोष्ट आहे, माझी काही तक्रार नाही. पण आता समजा आपली जसप्रीत कौर मोठी झाली, लग्न झालं, नवरा समजा कुलदीप सिंघ, त्यांना मुलगी झाली आणि नाव ठेवलं मेहर कौर. खण भरा. मेहर, जसप्रीत, कुलदीप, कौर. वाचा बरं सलग. मेहर जसप्रीत कुलदीप कौर. यात कुलदीप कौर ही बाई आहे! बापाची बाई झाली. आणि मुलगा झाला, फतेह सिंघ, तर फतेह जसप्रीत कुलदीप सिंघ. इथे बाप वाचला पण आईचं कौर गेलं, आणि जसप्रीत तर पुरुषाचंही नाव असतं, मग हे कागदावरून कसं कळणार की आई कोण.

मी यावर उपाय म्हणून प्रत्येकाचा शब्द त्याच्या त्याच्या नावाला चिकटवून ठेवतो. मेहरकौर जसप्रीतकौर कुलदीपसिंघ. अर्थ बरोबर लागतो पण मग चौथा खण रिकामा राहतो आणि आडनाव तर compulsory. त्यात परत कौर टाकलं तर मेहरकौर जसप्रीतकौर कुलदीपसिंघ कौर, आणि हे पोरगी दहावीला गेल्यावर प्रवेशपत्रावर मावेल का याची मला आत्तापासून काळजी आहे.

स्पेलिंगचं वेगळंच. गुरमुखीत ਸਿੰਘ लिहितात, म्हणजे देवनागरीत सरळ सिंघ. नांदेडात सगळीकडे सिंघच लिहिलेलं दिसेल, दुकानाच्या पाट्यांवर, पत्रिकांवर. पण पोर्टलमध्ये इंग्रजीत Singh टाईप केलं की शेजारच्या मराठी खणात आपोआप कधी सिंह येतं कधी सिंग. गिऱ्हाईक घाईत असतं, मीही असतो, बघायचं राहून जातं. मग रेशनकार्डावर सिंग, उत्पन्नाच्या दाखल्यावर सिंह आणि शाळेच्या दाखल्यावर सिंघ, आणि इंग्रजीत तिन्हीकडे एकच Singh. माणूस एक, इंग्रजीत एक, मराठीत तीन. म्हणून आता मी आपोआप आलेला मराठी खण पूर्ण पुसतो आणि हाताने टाईप करतो. शीख गिऱ्हाइकांनी पत्र वाचलं तर त्यांनाही हेच सांगणं आहे, मराठी खण सबमिटच्या आधी बोट ठेवून वाचा.

आता जसप्रीतच्याच कागदांचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण पोर्टल बनवणाऱ्याला वाटतं एका फॉर्मपुरता प्रश्न आहे. नसतो. तिच्या आधारवर नाव होतं जसप्रीत कौर. आधारमध्ये नावाला एकच मोठा खण असतो, त्यामुळे तिथे काही बिघडलं नव्हतं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, म्हणून कौर जसप्रीत गुरदीपसिंघ. हेही ठीक, माणूस वाचेल तर कळेल. पण बँकेत खातं काढताना तिथल्या कुणीतरी वडिलांच्या केवायसीवर सिंघ बघून मुलीलाही आडनाव सिंघ लावलं, आणि कौर मिडल नेम करून टाकलं. खातं उघडलं जसप्रीत कौर सिंघ या नावाने. त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता, त्यांना वाटलं मी चूक दुरुस्त करतेय. मग स्कॉलरशिपचा फॉर्म. तिथे आधारचं नाव, मार्कशीटचं नाव आणि बँकेचं नाव तिन्ही पडताळतात. तीन कागद, तीन क्रम, Name mismatch. अर्ज परत.

पहिला सल्ला तिला काय मिळाला, तर आधारवर नाव बदलून बँकेसारखं करून घे. बरं झालं माझ्याकडे आली. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं साहेब. त्यातली एक संधी बँकेच्या चुकीपायी घालवायची, आणि तीही बरोबर नाव चुकीचं करण्यासाठी! दुसरा सल्ला मिळाला राजपत्रात द्या. राजपत्रात नावबदल छापून येतो तो ज्याने नाव बदललं त्याच्यासाठी. हिने कुठे बदललं? जन्मल्यापासून जसप्रीत कौरच आहे. पण काय होतं, लोक कंटाळून देतात, आणि मग सरकारी कागदावर कायमचं छापलं जातं की हिचं आधीचं नाव अमुक होतं, पुढे प्रत्येक ठिकाणी तो कागद जोडत बसा.

आम्ही केलं ते इतकंच की जो कागद चुकला होता तोच दुरुस्त केला. बँकेत आधारची प्रत देऊन खात्याचं नाव जसप्रीत कौर करून घेतलं, मग फॉर्म परत भरला. दोन चकरा आणि तीन आठवडे गेले. शेवटची तारीख वाढली म्हणून वाचलो, नाहीतर वर्षाची स्कॉलरशिप गेली असती. मी आता ठरवूनच टाकलंय, नवीन गिऱ्हाईक आलं की आधी सगळे कागद टेबलावर मांडायला सांगतो, कुठे वेगळं आहे ते बघतो आणि बाकी दोन-तीन ठिकाणी जे जुळतंय त्याच्यासारखा तो एक करून घ्यायला पाठवतो. उलट कधीच नाही.

पॅनचं एक सांगायचं राहिलं, हे बऱ्याच जणांना माहिती नसतं. पॅन नंबरात पाचवं अक्षर असतं ते तुमच्या आडनावाचं पहिलं अक्षर, चौथं P म्हणजे व्यक्ती. जसप्रीतने आडनावात कौर टाकलं तर नंबर असा काहीसा येणार, X आणि शून्य माझे:

```
XXXPK0000X
```

आणि वडिलांचं बघून सिंघ टाकलं तर K च्या जागी S. पुढे नाव दुरुस्त केलं तरी नंबर तोच राहतो, त्यामुळे काही बिघडत नाही, काम चालतं. पण मला नेहमी वाटतं की ज्या माणसाने घराण्याचं अक्षर मुद्दाम सोडलं त्याच्या नंबरात आपण एक अक्षर कोरूनच ठेवतो, आणि ते कुठलं कोरायचं हे ठरवतो माझ्यासारखा दुकानदार, त्या दिवशी समोर कुठला खण रिकामा आहे त्यावरून.

पासपोर्टमध्ये मात्र जपून. तिथे Surname आणि Given Name असे दोन खण, आणि आडनाव रिकामं ठेवता येतं. बरेच जण जसप्रीत कौर हे अख्खं नाव Given Name मध्ये टाकतात आणि आडनाव सोडून देतात. नावाच्या दृष्टीने हेच सगळ्यात खरं आहे, मी वर म्हटलं ना, ते एकच नाव आहे. पण पासपोर्टच्या खाली त्या दोन ओळी असतात, मशीन वाचतं त्या, त्यातली पहिली बघा. वरची आडनावात कौर लिहिलेल्याची, खालची आडनाव रिकामं ठेवलेल्याची:

```
P<INDKAUR<<JASPREET<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<
P<INDJASPREET<KAUR<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

दोन बाण जोडून आले की त्याच्या आधीचं आडनाव आणि नंतरचं नाव. एक बाण म्हणजे नुसती मोकळी जागा. खालच्या ओळीत मधे दोन बाण आलेच नाहीत, त्यामुळे मशीनच्या हिशेबाने JASPREET KAUR हे सगळंच आडनाव झालं आणि पहिलं नाव काहीच नाही. अमेरिकेच्या व्हिसाला मग पहिल्या नावाच्या जागी FNU लिहावं लागतं, म्हणजे पहिलं नाव माहिती नाही. तिथे पोचल्यावर कार्डांवर पहिलं नाव म्हणून ‘फनू’ छापून येतं आणि लोक हाक मारतात हॅलो फनू. हसू येतं पण ज्याच्यावर ही वेळ येते त्याला विचारा. विमानाचं तिकीट काढतानाही हेच, Last Name शिवाय बटण दाबलं जात नाही, मग एकाने नाव दोनदा टाकलं, दुसऱ्याने तोडून टाकलं, आणि काउंटरवर पासपोर्टशी जुळवताना धडधड.

म्हणून बाहेर जायचंय असं कुणी म्हटलं तर मी आडनावाच्या खणात कौर किंवा सिंघ टाकायलाच सांगतो. तत्त्वाने ते अर्धवट आहे हे कळतं मला, पण जगातल्या मशिनी आपण बदलू शकत नाही. फक्त एक, ज्याच्या शाळेच्या कागदावर आधीपासून घराचं नाव छापलेलं आहे त्याने ते सोडून एकदम सिंघ करू नये, नाहीतर परत जसप्रीतसारखी गत.

आणि बाहेरचे लोक फार शहाणे असतात असंही समजू नका. कॅनडाच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाकडून काही वर्षं अर्जदारांना पत्रं जात होती की इमिग्रेशनसाठी कौर आणि सिंघ ही नावं चालणार नाहीत, दुसरं आडनाव द्या. का, तर फारच कॉमन आहेत, फायली ओळखू येत नाहीत. २००७ मध्ये हे बाहेर आलं, तिथल्या शिखांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच सरकारला ते मागे घ्यावं लागलं. विचार करा, चीनच्या वँगला आणि ली ला कुणी म्हटलं का की तुम्ही फार झालात, दुसरं काहीतरी घेऊन या. फाईल ओळखायला जन्मतारीख असते, नंबर असतो, फोटो असतो. नावावर सगळा भार टाकायचा आणि वर नावालाच दोष द्यायचा.

तर माझं मागणं काय. फार नाही. पहिलं म्हणजे नावाला एक मोठा खण द्या, ज्याचं जसं आहे तसं तो लिहील, आधारमध्ये चालतंय तर तुमच्याकडे का नाही चालणार. आडनावाचा वेगळा खण हवाच असेल तर तो रिकामा सोडता आला पाहिजे, आणि रिकामा सोडला म्हणून पुढच्या पानावर परत मागू नका. दुसरं म्हणजे बाप-लेक, नवरा-बायको यांचं आडनाव जुळतंय का हा चेक काढून टाका, नातं बघायला जन्मदाखला असतो. शीख बाईचं लग्न झालं तरी कौर कौरच राहतं, तिला ‘लग्नापूर्वीचं आडनाव’ हा खण भरायला लावणं म्हणजे एकच शब्द दोनदा लिहून घेणं, आणि मग दोन्ही सारखे आहेत म्हणून तुमचं पोर्टल परत एरर देणार, हे मी बघितलंय. तिसरं, मराठी खण आपोआप भरलात तर वर मोठ्या अक्षरात लिहा की तपासून घ्या. आणि कागद पडताळताना शब्दांचा क्रम बदलला म्हणून नाव नापास करू नका, कौर जसप्रीत आणि जसप्रीत कौर यात वेगळी मुलगी कुठून आली? शब्द जास्तीचा आला, जसं त्या बँकेत सिंघ आलं, तर जरूर थांबवा, पण तेव्हा तरी माणसाकडे पाठवा, ड्रॉपडाउनकडे नको.

एक प्रामाणिक अडचणही सांगतो. एका वर्गात चार जसप्रीत कौर असतात तेव्हा मलाही त्रास होतो, फोल्डर चुकतो. मी काय करतो, फाईलच्या नावात पुढे मोबाइलचे शेवटचे चार आकडे टाकतो. आठ वर्षांत त्यावरून एकीचा कागद दुसरीला गेला नाही. आणि हे माझ्या साध्या दुकानातलं, तुमच्याकडे तर सर्व्हर आहेत.

‘सिंग म्हणजे बिहारचे का’ हा प्रश्न विचारणाऱ्या काउंटरवरच्या मंडळींना जाता जाता एवढंच, सिंह राजपुतात आहे, उत्तर प्रदेशात आहे, बिहारात आहे, मणिपुरातही आहे. त्यामुळे सिंघ बघून शीख असंही धरू नका आणि शीख नाही असंही धरू नका. धर्माचा खण वेगळा असतो ना, तिथे बघा.

जसप्रीतच्या त्या अॅडमिशनचं म्हणाल तर झालं. प्रतिज्ञापत्र मी करू दिलं नाही, कॉलेजात फोन केला, तिथला क्लार्क भला माणूस, म्हणाला तात्पुरतं वडिलांच्या आडनावात पण कौर टाका, सबमिट करा, मी आतून दुरुस्त करतो. टाकलं. पावती आली, पालकाचं नाव गुरदीप कौर. वडिलांनी पावती हातात घेतली, चष्मा लावून वाचली आणि मला म्हणाले, “भाऊ, आता घरी बायकोला काय सांगू?” क्लार्कने शब्द पाळला, दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालं. पण ती पहिली पावती त्यांनी अजून पाकिटात ठेवली आहे, दुकानात आले की कुणालातरी काढून दाखवतातच.

तुमचा,
नांदेडचा एक फॉर्मवाला